खालची कवळी सारखी हालते? दोन स्क्रूवर बसणाऱ्या कवळीची पूर्ण माहिती : फायदा, निगा आणि खर्च

किल्लारी : वरची कवळी बसते, पण खालची काही केल्या बसत नाही, ही तक्रार गावोगावी ऐकायला मिळते. बोलताना खालची कवळी उचलते, भाकरीचा तुकडा चावायला गेलं की मागून वर येते, शेंगदाण्याचा बारीक कण खाली अडकला की डोळ्यांत पाणी येतं. मग कवळी पाण्याच्या डबीत जाते आणि फक्त लग्नकार्याला बाहेर निघते. घरातली म्हातारी माणसं भाकरी दुधात नाहीतर वरणात कालवून गिळतात. अशा कवळीला जबड्यात दोन इम्प्लांट बसवून त्यावर घट्ट धरून ठेवता येतं. या उपचाराला डॉक्टर ‘इम्प्लांट ओव्हरडेंचर’ म्हणतात. किल्लारी, औसा, निलंगा भागातल्या वाचकांनी लातूरला जाण्याआधी त्यातलं काय समजून घ्यावं, ते इथे दिलं आहे.

खालचीच का हालते?

वरच्या कवळीला टाळूचा मोठा सपाट आधार असतो. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये थुंकीचा पातळ थर राहतो, हवा आत शिरत नाही, आणि ओली काच काचेला चिकटावी तशी कवळी धरून राहते. खालच्या जबड्यात मध्ये जीभ असते, त्यामुळे कवळी घोड्याच्या नालेसारखी करावी लागते. तिला टेकायला मिळणारी जागा वरच्या मानाने जवळपास निम्मी भरते. त्यात जीभ आतून ढकलते, गाल आणि ओठ बाहेरून ढकलतात, आणि गिळताना तोंडाचा तळ वर उचलतो. एवढ्या धक्क्यांत नुसत्या चिकटण्यावर ती किती टिकणार?

दुसरं कारण हाडाचं. दात असेपर्यंत जबड्याच्या हाडाला काम असतं. दात काढले की ते काम संपतं आणि हाड हळूहळू झिजू लागतं. ऊस लावताना सरीच्या कडेला उंच वरंबा असतो, तसाच हिरडीखाली हाडाचा वरंबा असतो. तो वर्षागणिक खचत जातो. ज्यांचे सगळे दात गेले आहेत अशा माणसांची अनेक वर्षं मोजमापं घेऊन टॅलग्रेन यांनी १९७२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. म्हणून दहा वर्षांपूर्वी चांगली बसणारी कवळी आज हालते. कवळी तीच असते, पण खालची जमीन बदललेली असते.

वरंबा फारच खचला तर आणखी एक त्रास सुरू होतो. खालच्या ओठाला जाणारी नस जबड्याच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या दाढांच्या जागेजवळ एका छिद्रातून बाहेर पडते. वरंबा खाली गेल्यावर कवळी थेट त्या नसेवर टेकते, आणि चावताच वीज चमकावी तशी कळ जाते. अशा वेळी लोक कवळीलाच दोष देतात. कवळी कितीही घासली तरी ती कळ पूर्ण जात नाही.

आधी कवळी तपासा, मग इम्प्लांटचा विचार

प्रत्येक हालणाऱ्या कवळीला इम्प्लांट लागत नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यावी. कित्येकदा कवळीचं मापच चुकीचं घेतलेलं असतं, कडा आखूड असतात, किंवा वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत. दात जुळत नसतील तर प्रत्येक घासाला कवळी एका बाजूने उचलते. जबड्यात इम्प्लांट घालून हा दोष जात नाही. उलट चुकीच्या कवळीचे धक्के इम्प्लांटवर बसतात.

म्हणून कृत्रिम दातांचा तज्ज्ञ, म्हणजे प्रॉस्थोडॉन्टिस्ट, आधी कवळी तोंडात घालून पाहतो. तोंड अर्धवट उघडून जीभ थोडी वर केली, तेवढ्यानेच कवळी उठते का? एका बाजूला बोटाने दाबलं तर दुसरी बाजू उचलते का? दात घासून सपाट झालेत का? कवळी पाच-सात वर्षांहून जुनी असेल तर आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलायनिंग करून, किंवा नवीन कवळी करून काही जणांचं काम भागतं. तेवढ्यावर भागत असेल तर पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही. चांगल्या मापाची नवी कवळी महिना-दोन महिने वापरूनही खालची हालतेच, किंवा वरंबा इतका सपाट झालाय की कवळीला धरायला काही उरलंच नाही, अशांसाठी इम्प्लांटचा उपाय आहे.

टिचबटणासारखी जोडणी

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर जाड आणि दहा-बारा मिलिमीटर लांब. टायटॅनियमचा गुण असा की जबड्याचं हाड त्याला परकं समजून बाहेर ढकलत नाही, त्याच्याभोवती घट्ट वाढतं. ही गोष्ट स्वीडनच्या गॉथेनबर्गमधले डॉ. ब्रानेमार्क यांनी ओळखली आणि १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. पुढे २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र बसून सांगितलं की, खालचे सगळे दात गेलेल्या माणसासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, साधी कवळी नव्हे.

दोन इम्प्लांट का पुरतात? खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड कठीण आणि दाट असतं, आणि मागचा भाग सपाट झाला तरी पुढे बहुतेकांच्या जबड्यात पुरेसं हाड शिल्लक राहतं. दोन्ही बाजूंच्या नसांच्या छिद्रांमध्ये, सुळे होते त्या जागी एक-एक इम्प्लांट बसवतात. या जागेत बसवलेल्या इम्प्लांटची टिकण्याची आकडेवारी चांगली आहे. शंभरात पंच्याण्णवहून जास्त इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकतात.

इम्प्लांटच्या डोक्यावर, हिरडीच्या थोडं वर, धातूची एक छोटी गुंडी येते. कवळीच्या आतल्या बाजूला तिची जोडीदार वाटी बसवलेली असते. झंपराच्या टिचबटणाची दोन अंगं जशी टक्कन बसतात, तशी कवळी बसते. रोज काढता येते, रोज घालता येते. गुंडीचे प्रकार दोन-तीन आहेत. ‘बॉल’ प्रकारात गोल डोकं आणि वाटीत रबरी कडी असते. ‘लोकेटर’ प्रकारात बुटकी चपटी गुंडी आणि वाटीत नायलॉनची टिकली असते. टिकली वेगवेगळ्या रंगांत येते आणि रंगानुसार पकड कमी-जास्त असते. ज्यांच्या बोटांत जोर नाही किंवा सांधे आखडलेत, त्यांना सैल टिकली द्यायला सांगावी. नाहीतर कवळी बसते घट्ट, पण रात्री निघता निघत नाही. तिसरा प्रकार दोन इम्प्लांटना जोडणाऱ्या दांडीचा, म्हणजे ‘बार’चा. त्याला जागा जास्त लागते, खर्च वाढतो आणि दांडीखाली साफसफाई करायला कसरत होते. आपल्याकडच्या वयस्कर माणसाला सांभाळायला सुटी गुंडीच सोपी जाते.

एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. ही कवळी पक्की बसवलेले दात नव्हेत. पुढे दोन गुंड्यांनी ती धरलेली असते, पण मागे हिरडीवरच टेकते. त्यामुळे कडक वस्तू मागच्या दातांनी चावताना थोडी दबते, आणि मागच्या हाडाची झीजही पूर्ण थांबत नाही. इम्प्लांटच्या आजूबाजूचं हाड मात्र बऱ्यापैकी टिकून राहतं, कारण त्याला पुन्हा काम मिळालेलं असतं. ऊस सोलून खाता येईल, असं कोणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही जरा विचार करावा.

कोणाला जपून, कोणाला थांबून

वय जास्त आहे एवढ्यावरून नकार मिळत नाही. पंच्याहत्तरीतल्या माणसालाही हे करता येतं. अडचण येते ती आजार आणि सवयींची. शुगर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही आणि हाड इम्प्लांटला नीट धरत नाही. म्हणून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आधी करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं, पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरतं.

एक औषध लोक सांगायचं हमखास विसरतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन देतात. कॅन्सर हाडात पसरला असेल तर त्याच प्रकारचं औषध मोठ्या प्रमाणात देतात. या औषधाने जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं पडून सडण्याचा धोका असतो. वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन रोजच्या गोळ्यांच्या यादीत येत नाही, त्यामुळे जुनी फाईल सोबत न्यावी. तोंडाला किंवा मानेला कॅन्सरसाठी शेक दिलेला असेल तर तेही आधी सांगावं.

बिडी-सिगारेटने इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. तंबाखू-चुना खालच्या ओठाच्या मागे धरायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि इम्प्लांट नेमके त्याच जागी येतात. मिसरीचंही तसंच. शिवाय तंबाखू धरायच्या जागी पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर आधी तिची तपासणी. इम्प्लांटचं नंतर बघता येईल.

एक उदाहरण : सोयाबीन निघाल्यापासून ज्वारी येईपर्यंत

समजण्यासाठी किल्लारीतल्या अडुसष्ट वर्षांच्या एका आजींचं उदाहरण धरू. दात जाऊन बारा वर्षं झालीत, कवळी नऊ वर्षांची आहे, शुगरची गोळी चालू आहे, मिसरीची सवय आहे. लातूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. घरातलं एक माणूस प्रत्येक फेरीला सोबत लागणार, त्यामुळे कामाचा हंगाम पाहून फेऱ्या आखलेल्या बऱ्या.

सोयाबीनची रास झाल्यावर ऑक्टोबरमध्ये पहिली फेरी. तोंडाची तपासणी, पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या. आजींची शुगर जास्त निघाली तर इथेच महिना-दोन महिने थांबावं लागतं, आणि तसं थांबवणारा डॉक्टर भला समजावा. मिसरी याच दिवसापासून बंद. नंतर नवीन कवळीची मापं घेणं सुरू होतं. आधी कवळी बरोबर तयार करायची आणि मग तिच्या जागेवरून इम्प्लांटची जागा ठरवायची, हा क्रम महत्त्वाचा आहे. इम्प्लांट आधी ठोकून कवळी नंतर केली तर गुंडी नेमकी दाताच्या बाहेर किंवा जिभेच्या बाजूला येते. मग कवळी तिथे जाड करावी लागते, नाहीतर पातळ राहून तडकते. नवीन कवळीला मापं, चावा, मेणातली चाचणी आणि बसवणं मिळून चार-पाच फेऱ्या लागतात. हाडाची जाडी आणि नस नेमकी कुठे आहे हे पाहायला सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन करतात.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये इम्प्लांट बसवायचा दिवस. दात काढताना देतात तसंच भुलीचं इंजेक्शन, पूर्ण बेशुद्धी नाही. हिरडीला छोटी चीर, हाडाला पाण्याच्या धारेखाली टप्प्याटप्प्याने छिद्र, आणि त्यात स्क्रू फिरवून बसवायचा. पाण्याची धार यासाठी की ड्रिलच्या उष्णतेने हाड भाजलं तर ते इम्प्लांटला धरत नाही. दोन इम्प्लांटला साधारण तासभर लागतो. त्याच दिवशी घरी येता येतं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग उतरते, तिला घाबरू नये. पण जिभेखाली सूज वाढून जीभ वर ढकलली जात असेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर रात्र असो की पहाट, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावं. जबड्याच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी दुखावली तर असं होतं. फार क्वचित होतं, पण झालं तर वेळ मिळत नाही. भूल उतरून दिवस गेला तरी ओठ किंवा हनुवटी बधिरच असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. तोवर खालची कवळी घालायची नाही. नंतर इम्प्लांटच्या वरची जागा आतून कोरून, मऊ थर देऊन ती घालता येते. खाणं पातळ : भात, वरण, ज्वारीची आंबील, शिरा. पुढचे तीन महिने बाहेरून काही घडत नाही. आत हाड स्क्रूला धरत असतं. नेमक्या याच काळात हुरड्याचे दिवस येतात. आजींना या वर्षी हुरडा नाही, हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवावं.

फेब्रुवारीत, ज्वारीच्या काढणीला हात लागण्याआधी, जोडणीची फेरी. डॉक्टर इम्प्लांट घट्ट झालेत का हे तपासतात. हिरडीतून डोकं उघडं करून आधी टोपी बसवतात, आठ-पंधरा दिवसांत हिरडी भोवती भरली की गुंडी बसवतात. मग कवळीत खड्डे करून वाट्या गुंडीवर ठेवतात, खड्ड्यात ताजं अॅक्रिलिक भरून कवळी तोंडात बसवतात, आणि ते घट्ट होईपर्यंत दात हलकेच मिटून बसायचं. कवळी बाहेर काढली की वाट्या तिच्यात आलेल्या असतात. त्यानंतर चाव्याची तपासणी. सगळं मिळून दहा-बारा फेऱ्या आणि चार-पाच महिने. जुनी कवळीच चांगली असेल तर चार-पाच फेऱ्या वाचतात.

खर्चाचा हिशोब

दवाखान्यात विचारलं की बहुतेक वेळा ‘एका इम्प्लांटचे इतके’ असं उत्तर मिळतं. त्यावर हिशोब करू नये. बिलात इम्प्लांट, वरची गुंडी आणि वाटी, नवीन कवळी, स्कॅन आणि तपासण्या असे वेगवेगळे भाग असतात. ‘पूर्ण कवळी तोंडात बसून चालू होईपर्यंत एकूण किती’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर घ्यावं.

खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा दर कंपनी आणि शहराप्रमाणे साधारण पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत ऐकायला मिळतो. आजींच्या उदाहरणात समजा एक इम्प्लांट २०,००० रुपयांना पडलं. दोनचे ४०,०००. गुंडी-वाटीचे प्रत्येकी ५,००० धरले तर १०,०००. वर-खाली नवीन कवळी १५,०००. स्कॅन आणि रक्ततपासणी २,५००. एकूण ६७,५०० रुपये. हे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, कोणत्याही दवाखान्याचा दर नव्हे.

खरा फरक पुढच्या वर्षांत कळतो. नायलॉनची टिकली झिजते आणि साधारण वर्षाला बदलावी लागते. वर्षाला १,५०० धरले तर दहा वर्षांत १५,०००. मागची हिरडी खचते म्हणून दहा वर्षांत दोनदा रिलायनिंग, प्रत्येकी ४,००० धरून ८,०००. म्हणजे दहा वर्षांचा हिशोब ९०,५०० रुपयांवर जातो, प्रवास वेगळा. ज्या घराला वर्षाचे हजार-दीड हजार आणि एखादी फेरी जमणार नाही, त्यांनी सुरुवातीचा खर्च करण्याआधी पुन्हा विचार करावा. टिकली न बदललेली कवळी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा हालायला लागते.

स्वस्तातले दोन मार्ग आहेत. पहिला, मधोमध एकच इम्प्लांट. यावर अभ्यास झालेले आहेत आणि वयस्कर माणसांना त्याचा चांगला फायदा दिसला आहे. पकड दोनपेक्षा कमी आणि कवळी मध्ये तडकण्याची शक्यता जास्त, पण साध्या कवळीपेक्षा बरीच बरी. दुसरा, मिनी इम्प्लांट. हे तीन मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, खालच्या जबड्यात साधारण चार घालतात, आणि पुष्कळदा हिरडी न चिरता बसवता येतात. हाड अरुंद असेल तर उपयोगी. बारीक असल्याने मोडण्याची भीती मात्र जास्त. दोन मिनी घालून ‘दोन इम्प्लांट’ म्हणून कमी पैशांत काम केल्याचं कोणी सांगितलं, तर जाडी विचारावी.

खर्च कमी करायचा असेल तर दंत महाविद्यालयात चौकशी करावी. लातूरला अंबाजोगाई रोडवर एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे, नांदेडला नांदेड ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. दर सहसा खासगीपेक्षा कमी असतो, वेळ आणि फेऱ्या मात्र जास्त लागतात. खिडकीवर केसपेपर काढताना ‘प्रॉस्थोडॉन्टिक्स’ विभाग सांगावा, नाहीतर अर्धा दिवस इकडून तिकडे जातो.

सरकारी योजनांबाबत जास्त आशा ठेवू नये. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या साधनांमध्ये कवळीचा समावेश आहे, पण ती साधी कवळी. शिबिर कधी आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारावं. इम्प्लांटचा खर्च मात्र खिशातूनच होणार, असं धरून चालावं आणि कोणत्याही आरोग्य कार्डावर ‘फुकट इम्प्लांट’ सांगणाऱ्याकडून ते आधी लेखी घ्यावं.

आणखी एक कागद मागून घ्यावा. इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो. तो फाईलला चिकटवून घ्यावा. पाच वर्षांनी गुंडी किंवा टिकली बदलायची झाली आणि पहिले डॉक्टर गाव सोडून गेले असतील, तर स्टिकरशिवाय नवीन डॉक्टरला कोणता भाग आणावा हे कळत नाही. एका कंपनीची गुंडी दुसरीच्या इम्प्लांटवर बसतेच असं नाही.

रोजची निगा

कवळी बोटांनी दाबून बसवावी. तोंडात ठेवून दात मिटून ‘टक्’ करायची सवय लागली की टिकली वाकडी दबते आणि लवकर फाटते. काढताना दोन्ही बाजूंना अंगठे लावून सरळ वर. एकाच बाजूने उचकटली तरी तोच परिणाम.

रात्री कवळी काढून, धुऊन, साध्या पाण्यात ठेवावी. रात्रभर तोंडात राहिली तर हिरडी लाल होते आणि बुरशी धरते. धुताना मऊ ब्रश आणि अंगाचा किंवा भांड्याचा सौम्य साबण पुरतो. दंतमंजन, राख आणि खरखरीत पावडर वापरू नये. त्याने कवळीवर ओरखडे पडतात आणि घाण तिथेच बसते. उकळतं पाणी तर अजिबात नको, कवळी वाकडी होते. धुताना खाली बादलीत पाणी ठेवावं, हातातून निसटली तर फरशीवर आपटून तुटत नाही.

खरी निगा तोंडातल्या गुंड्यांची. दात नाहीत म्हणजे घासायचं काय, असं म्हणून लोक तोंडात ब्रश घालतच नाहीत. गुंडी आणि हिरडी जिथे मिळतात तिथे पिवळसर थर जमतो, हिरडी सुजते, आणि पुढे आतलं हाड झिजत जातं. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने गुंडीच्या चारी बाजू घासाव्यात. ज्यांचे हात थरथरतात त्यांना सुनेने-मुलाने आठवड्यातून दोनदा उजेडात बसवून साफ करून द्यावं.

बिघाड ओळखायचा कसा? कवळी हळूहळू सैल होत गेली, पण दुखत नाही, तर बहुतेक टिकली झिजली. पाच-दहा मिनिटांचं काम असतं. कवळी पुढेमागे झोका खाते आणि मागे अन्न अडकतं, तर मागची हिरडी खचलेली असते आणि रिलायनिंग लागतं. बोट लावल्यावर गुंडी फिरते किंवा हालते, तर बऱ्याचदा वरचा स्क्रू ढिला झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो. पक्कड घेऊन घरी प्रयत्न करू नये. ब्रश लावताच रक्त येतं, दाबलं की पू येतो, वास येतो, तर हाडापर्यंत संसर्ग चाललाय असं समजून आठवडाभरात दाखवावं. आणि खुद्द इम्प्लांटच मुळापासून हालत असेल तर हाडाने त्याला सोडलेलं असतं, ते काढावंच लागतं. काढल्यावर जागा भरली की पुष्कळदा पुन्हा घालता येतं. या सगळ्यांत सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट न पाहता सहा महिन्यांनी एकदा तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे करून घ्यावा.

एखाद्या इम्प्लांटमध्ये बिघाड झाला तरी कवळी लगेच फेकून द्यायची नसते. त्या बाजूची वाटी भरून तीच कवळी दुसऱ्या इम्प्लांटवर काही महिने चालवता येते, तोवर पुढचं ठरवायला वेळ मिळतो.